ब्रँडची मूल्यं ठरवताना आधी निर्णय लिहा

संस्थापक मूल्यं ठरवायला बसले की फळ्यावर ‘प्रामाणिकपणा’, ‘गुणवत्ता’ येतं, सगळे माना डोलावतात आणि काहीच ठरत नाही. त्यापेक्षा अडीच तासांची बैठक अशी घ्या:

१. पहिली 30 मिनिटं, न बोलता: प्रत्येकाने पैसे किंवा ग्राहक गमावूनही घेतलेले दोन खरे निर्णय चिठ्ठ्यांवर लिहायचे. कंपनी अगदी नवी असेल तर आधीच्या नोकरीतले चालतील.

२. पुढचा तास: चिठ्ठ्या वाचून सारख्या कारणांचे गट करा. गटाला नाव शेवटी द्या.

३. उरलेला तास कसोटीचा. प्रत्येक मूल्य ‘यासाठी आम्ही अमुक सोडू’ असं लिहा. उदाहरणार्थ, ‘स्पष्टपणा’ म्हणजे ‘आमचं उत्पादन उपयोगी नसेल तर ग्राहकाला तसं सांगू, विक्री गेली तरी’. उलट बाजू कुणीच शहाणा माणूस निवडणार नसेल, तर ते मूल्य खोडा. इथे वाद होतो, होऊ द्या.

हाती एकच पान यावं: तीन-चार मूल्यं, प्रत्येकाखाली एक निर्णय आणि एक त्याग.

मुख्य संस्थापकाने आपली चिठ्ठी सगळ्यांत शेवटी वाचावी, नाहीतर बाकीचे तिच्याच सुरात बोलू लागतात.