गाडी घाटात ओढत नाही? टर्बो बदलण्याआधी या चुका टाळा

नाशिकमधल्या द्वारका चौकाजवळच्या माझ्या गॅरेजमध्ये मागे एक जुनी डिझेल पिकअप आली. भिवंडीहून माल भरून येताना कसारा घाटात तिने दम सोडला होता. दुसऱ्या गिअरच्या वर जात नव्हती आणि मागून काळा धूर सोडत होती. आधी दाखवलेल्या एका ठिकाणी हवेच्या पाइपात ऑइल दिसलं म्हणून 'टर्बो गेला' असं सांगितलं होतं. त्यात मित्राने मालकांना सुचवलं, की टर्बोऐवजी सुपरचार्जर बसवून घ्या, दोन्ही एकच. त्यांनी मला विचारलं, "दादा, खरंच एकच आहे का?"

काम एकच आहे: इंजिनमध्ये जास्त हवा दाबून भरायची, म्हणजे जास्त डिझेल नीट जळतं आणि ताकद वाढते. फरक आहे तो फिरवणाऱ्यात. सुपरचार्जरला इंजिनचा क्रँकशाफ्ट पट्ट्याने फिरवतो. त्यामुळे त्याचा वेग इंजिनच्या वेगाला बांधलेला असतो, ॲक्सिलरेटर दाबताच हवा मिळते, पण त्याला फिरवायला इंजिनचीच ताकद खर्च होते. टर्बोला सायलेन्सरकडे जाणारा तापलेला वायू फिरवतो, टर्बाइन नावाच्या चाकावर आदळून. जी ऊर्जा वाया जाणार होती तीच वापरायची, ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युशी यांनी 1905 साली पेटंट केली. लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याला इंजिनच्या वेगाचं बंधन नसतं. पुढच्या चुका याच गोष्टीतून निघतात.

पाइप न तपासता टर्बोवर ठपका ठेवणं

पाइपात ऑइलचा पातळ थर असणं नेहमीचं आहे. इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमधून थोडी ऑइलची वाफ येतेच. टर्बोचं ऑइल खरंच इंजिनात जात असेल, तर धूर निळसर असतो आणि ऑइलची पातळी उतरते. इथे धूर काळा होता, म्हणजे डिझेल पुरेसं आणि हवा कमी.

मी स्कॅनर लावला. इंजिन बंद, चावी चालू ठेवली तेव्हा हवेचा दाब 94 किलोपास्कल दिसला. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंच असल्याने तो इथे एवढाच असतो. मग भरलेली गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन चालवली. या गाडीत आकडा 200 च्या आसपास जायला हवा होता, तो 130 वर अडकला. टर्बोने जोडलेला दाब फक्त 36.

मग इंजिन थंड होऊ दिलं, टर्बोचं तोंड बूच लावून बंद केलं आणि कॉम्प्रेसरने पाइपलाइनमध्ये हलका दाब दिला. साबणाचं पाणी शिंपडल्यावर टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजच्या खालच्या बाजूला फेस उसळला. तिथे बोटभर चीर होती. आयडलवर टर्बो दाब करतच नाही, म्हणून उभ्या गाडीत ती कोणाला सापडली नव्हती. शाफ्ट हाताने हलवून पाहिला: बाजूला किंचित खेळ होता, तो चालतो, पण मागेपुढे जाणवेल असा मुळीच नव्हता. टर्बो चांगला होता. नवीन होज आणि दोन क्लॅम्प टाकले, आकडा 200 ला पोचला.

मात्र अशी चीर घेऊन गाडी महिनोन्‌महिने हाकू नका. दाब कमी पडला की टर्बोवरची यंत्रणा आणखी वायू चाकावर सोडते, आणि वेगाला बंधन नसलेला शाफ्ट मर्यादेबाहेर फिरतो. सुपरचार्जरच्या गाडीत अशा चिरेने ताकद कमी होते, पण पट्टा त्याला ठरल्यापेक्षा जास्त फिरवू शकत नाही. तिथे आधी पट्टा घसरतोय का ते बघायचं.

घाट चढून लगेच चावी फिरवणं

कसारा घाट चढून घाटनदेवीला दर्शनासाठी गाडी उभी केली, की बरेच जण तिथल्या तिथे इंजिन बंद करतात. त्या वेळी टर्बाइनकडचं घर 700 अंशांच्या आसपास तापलेलं असू शकतं. शाफ्ट इंजिन ऑइलच्या थरावर तरंगतो. इंजिन बंद झालं की ऑइल थांबतं, मागे राहिलेलं जळून बेअरिंगमध्ये कोळसा धरतं. एक ते दोन मिनिटं आयडलवर ठेवा, मग बंद करा. सुपरचार्जरला ही भीती नाही. गरम वायू त्याच्याजवळ येत नाही, आणि बऱ्याच सुपरचार्जरच्या गिअरचं ऑइलही वेगळं असतं.

जुन्या नळ्यांवर नवा टर्बो बसवणं

टर्बो खरंच गेला असेल, तर आधी ऑइल आणण्याची आणि परत नेण्याची नळी उघडून बघा. परतीची नळी कोळशाने चोंदलेली असेल, तर नव्या टर्बोतूनही निळा धूर येणारच, कारण ऑइलला खाली उतरायला जागा नसते. आणण्याची चोंदलेली असेल, तर बेअरिंग कोरडं पडतं. बसवताना टर्बोत स्वच्छ ऑइल ओता आणि डिझेल बंद ठेवून काही सेकंद स्टार्टर फिरवा. ऑइलचा दाब आला, की मगच इंजिन सुरू करा.