‘रिफंड पाठवला’ म्हणतात, पण खात्यात नाही? आधी नंबर मागा

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या मावशीने 3,400 रुपयांचा मिक्सर परत केला. ॲपवर ‘रिफंड झाला’ असं दिसत होतं, पण वीस दिवस खात्यात काहीच नाही. अशा वेळी विक्रेत्याकडे एकच गोष्ट मागायची: रिफंडचा संदर्भ क्रमांक. कार्डने पैसे भरले असतील तर एआरएन, यूपीआयने भरले असतील तर आरआरएन किंवा यूटीआर. तो मिळाला की बँक पैसे कुठे अडकले ते शोधू शकते. मिळालाच नाही, तर रिफंड बहुधा निघालेलाच नसतो. मावशीला तो मिळाला नाही.

मग साइटवरच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. फोन नको, लेखी पुरावा हवा. ऑर्डर क्रमांक, वस्तू परत नेल्याची पावती आणि स्क्रीनशॉट जोडा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

तरीही गप्प? 1915 वर किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार नोंदवा. मावशीचे पैसे इथेच सुटले. मात्र हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. आदेश हवा तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी दिल्लीची असली तरी तुम्ही नागपुरात राहत असाल तर तक्रार नागपुरातच चालते. ती ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.