रात्रीची ओव्हर देण्याआधी: ताप उतरलेल्या डेंग्यूच्या पेशंटची तयारी

पावसाळा सरता सरता नागपुरात डेंग्यूच्या खाटा भरू लागतात, आणि आमच्या मेडिसिन वॉर्डात रात्री आठच्या ओव्हरला, म्हणजे पेशंट पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे सोपवताना, सगळ्यात जास्त वेळ त्याच खाटांवर जायला हवा. त्यातही ज्याचा ताप आजच उतरलाय, त्या पेशंटवर. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये ताप खाली येतो आणि नेमक्या त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. हे झिरपणं चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालतं. आई बाजूला बसून विचारते, "ताप उतरला न सिस्टर पोराचा, आता उद्या सुट्टी भेटन का?" आणि दमलेल्या हाताने आपण रिपोर्ट बुकात लिहून मोकळ्या होतो, "ताप नाही, पेशंट ठीक." हे वाक्य मी स्वतः एकदा लिहिलं आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका रुग्णालयात. पहाटे तीनला त्या पेशंटचे पाय गार पडले होते आणि रात्रीच्या सिस्टरकडे हाताशी धरायला माझं ते एक वाक्य होतं. तेव्हापासून मी ओव्हरची तयारी साडेसातला सुरू करते, आठला नाही.

तयारी टेबलावर बसून होत नाही. आधी खाटेजवळ जायचं. परवाची अकरा नंबरची खाट घेऊ: बत्तीस वर्षांचा माणूस, वजन साठ किलो, तापाचा पाचवा दिवस, दुपारी दोनपासून ताप नाही. दोनला बीपी ११०/७०, नाडी ८८. पाचला १०६/७४, नाडी १००. सातला १००/७६, नाडी ११०. फक्त वरचा आकडा पाहिला तर शंभर म्हणजे वाईट नाही असं वाटतं. पण वरच्यातून खालचा वजा करून पाहा: चाळीस, मग बत्तीस, मग चोवीस. दोन आकडे एकमेकांच्या जवळ येत चाललेत आणि नाडी पळतेय. हा फरक वीसवर आला म्हणजे पेशंट शॉकमध्ये गेला असं धरायचं, मग वरचा आकडा शंभर असला तरी. म्हणून ओव्हरमध्ये शेवटचं एक बीपी सांगू नका, तिन्ही वेळांचे तिन्ही आकडे आणि त्यांच्यातला फरक सांगा. "स्टेबल" हा शब्द या खाटेसाठी वापरायचाच नाही. आणि अशी घसरण दिसली की ओव्हरची वाट न बघता तेव्हाच डॉक्टरांना फोन करायचा. परवा आम्ही सात वाजून दहा मिनिटांनी केला.

मग हात लावून पाहायचं. तळपाय कोमट आहेत की गार, नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परत येतो की नाही, पोट दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त, काळी शौच, आणि माणूस उगाच चिडचिडा किंवा सुस्त झालाय का. शेवटची गोष्ट नातेवाइकांना विचारा, त्यांना ती आपल्याआधी कळते. अकरा नंबरच्या आईने सांगितलं की दुपारपासून तो तिच्याशी नीट बोललाच नाही. हे तिच्या शब्दांत बुकात उतरवलं.

लघवीचा हिशेब "झाली" असा नसतो. किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला तीस. दोन ते सात या पाच तासांत दीडशे मिली व्हायला हवी होती. त्याला एकदाच झाली, मोजपात्रात नव्वद, गडद पिवळी. मावशींना दुपारीच सांगून ठेवलं होतं की अकराची लघवी मोजल्याशिवाय फेकायची नाही, म्हणून हा आकडा आपल्याकडे होता.

आता सलाइन. डॉक्टरांनी नॉर्मल सलाइन किलोमागे तासाला पाच मिली सांगितलं, म्हणजे तासाला तीनशे, दोन तास, आणि मग तपासून कमी करायचं. वीस थेंबांचा साधा सेट असेल तर मिनिटाला शंभर थेंब. सात वीसला सुरू झालं. म्हणजे आठला, नवी सिस्टर खाटेजवळ उभी असताना, पाचशेच्या बाटलीत तीनशे शिल्लक दिसायला हवं. परवा तीनशे ऐंशी होतं. पेशंटने कोपर दुमडलं होतं आणि थेंब मंदावले होते. बाटली दोघींनी मिळून पाहिली म्हणून तिथेच लक्षात आलं. हात सरळ करून पट्टी बांधली, थेंब पुन्हा मोजून लावले आणि ऐंशी मिली कमी गेल्याचं डॉक्टरांना कळवलं. मागे पडलेलं सलाइन आपल्या मनाने वेगाने सोडून भरून काढायचं नाही. दुसरी बाटली खाटेशी आधीच काढून ठेवली, कारण पहिली सव्वानऊच्या सुमारास संपणार होती आणि त्या वेळी सिस्टर दुसऱ्या टोकाला औषधं देत असते.

राहिलेली कामं सांगताना प्रत्येकाला वेळ लावा आणि पुढे काय करायचं तेही. "पीसीव्ही पाठवायचा आहे" एवढ्याने काही होत नाही. काल पीसीव्ही ४१ होता, आज संध्याकाळी ४७. रक्त घट्ट होतंय. पुढचं सॅम्पल नऊ वीसला, जांभळ्या झाकणाच्या बाटलीत, उजव्या हातातून, कारण सलाइन डाव्या हाताला आहे. सलाइनच्या हातातून घेतलं तर रक्त पातळ येतं, आकडा खोटा उतरतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. रिपोर्ट कागदाची वाट न बघता लॅबला फोन करून घ्यायचा आणि त्याच्यासोबत त्याच वेळची नाडी आणि बीपी डॉक्टरांना सांगायचं. पीसीव्ही उतरला आणि नाडी शांत झाली तर सलाइन लागू पडतंय. पीसीव्ही उतरला पण नाडी आणखी पळतेय, तर आत कुठेतरी रक्तस्राव होतोय अशी शंका धरून लगेच बोलवायचं. डॉक्टर येईपर्यंत बीपी आणि नाडी दर पंधरा मिनिटांनी.

नातेवाइकांचा सगळा जीव प्लेटलेटमध्ये अडकलेला असतो. अठ्ठेचाळीस हजार ऐकून अकरा नंबरचा भाऊ रक्तपेढीकडे निघाला होता. रक्तस्राव नसेल तर त्या आकड्याला प्लेटलेट लावत नाहीत, हे मी त्याला बसवून सांगितलं आणि सांगितल्याचं ओव्हरमध्येही दिलं, म्हणजे रात्री तोच प्रश्न आला तर दोन सिस्टरांची दोन उत्तरं होणार नाहीत. त्याच्या पिशवीत अंगदुखीच्या गोळ्याही सापडल्या, आयबुप्रोफेनच्या. त्याने रक्तस्राव वाढतो, म्हणून काढून घेतल्या. दुखलं तर फक्त पॅरासिटामॉल, आणि स्नायूत इंजेक्शन नाही. हे केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने.

एक गोष्ट सकाळच्या सिस्टरसाठीही आत्ताच लिहून ठेवा. झिरपणं थांबलं की तेच पाणी रक्तात परत येतं. मग लघवी भरपूर होते, आणि तेव्हाही सलाइन चालूच राहिलं तर छाती भरते. श्वास वाढला, आडवं झोपवत नाही असं पेशंट म्हणाला, की सलाइनचा वेग तपासून डॉक्टरांना हाक मारायची.

शेवटी घेणारी सिस्टर ऐकलेलं परत म्हणते: अकरा, पाचवा दिवस, फरक चोवीस, लघवी नव्वद, सव्वानऊला दुसरी बाटली, नऊ वीसला उजव्या हातातून सॅम्पल. परवा ती "डाव्या" म्हणाली. मी थांबवलं, तिने तळहातावर "उजवा" लिहिलं, आणि मग आम्ही दोघींनी वेळ टाकून सही केली, आठ वाजून अठरा मिनिटं.