पगारपत्रकाच्या बेरजा आणि बँकेच्या फाईलची बेरीज यांचा मेळ कसा घालावा

गणपतीनंतरचा पगार हा कोकणातल्या कारखान्यांच्या लेखाविभागाला सर्वांत त्रासदायक जातो. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर भरती केलेल्या काही कामगारांची बँकखाती अजून उघडलेली नसतात, अनेकांनी सणासाठी उचल घेतलेली असते आणि काहीजण गावी गेलेले असल्यामुळे त्यांची हजेरी अगदी थोडी भरते. पगारपत्रकातील निव्वळ वेतनाची बेरीज आणि बँकेला पाठवायच्या फाईलची बेरीज यांत फरक पडण्याची जवळजवळ सगळी कारणे या एका महिन्यात एकत्र येतात. म्हणून रत्नागिरीजवळच्या एखाद्या मत्स्यप्रक्रिया कारखान्याचा, ४८ कामगारांचा हिशोब उदाहरणादाखल घेतो.

प्रथम पगारपत्रकाचा स्वतःशी ताळा पाहावा. एकूण वेतनाची बेरीज ८,४२,६१५ रुपये आहे. कपातीत भविष्यनिर्वाह निधी ७४,२०८, राज्य विमा ४,९३६, व्यवसाय कर ६,४०० आणि उचल २१,५०० असे मिळून १,०७,०४४ रुपये होतात. वजाबाकी ७,३५,५७१ येते आणि निव्वळ वेतनाच्या स्तंभाखालीही तीच रक्कम आहे. हा आडवा-उभा ताळा बसत नसेल, तर बँकेची फाईल उघडूच नये.

बँकेच्या फाईलमध्ये ४५ ओळी असून बेरीज ७,२२,१८३ आहे. फरक १३,३८८ रुपयांचा.

याच टप्प्यावर सुरुवातीच्या काळात माझे सर्वाधिक तास खर्च झाले आणि याच टप्प्यावर सर्वाधिक चुकीचे सल्ले दिले जातात. फरकाचा आकडा घेऊन तो कोणाच्या नावापुढे सापडतो का ते शोधावे, असे एक जण सांगतो. फरकाला नऊने भाग जातो का पाहावे, म्हणजे अंकांची अदलाबदल कळेल, असे दुसरा सांगतो. फरकाला एकच कारण असेल तर या दोन्ही युक्त्या चालतात. प्रत्यक्षात तो तीन-चार कारणांचा बनलेला असतो, त्यांतील काही बेरीज कमी करतात तर काही वाढवतात, आणि अशा मिश्र आकड्यावरून काहीही उमगत नाही. १३,३८८ हा आकडा पगारपत्रकात कोणाच्याही नावापुढे नाही, आणि नसणारच.

म्हणून शोध रकमेपासून नव्हे, माणसांपासून सुरू करावा. पगारपत्रकात ४८ नावे आणि फाईलमध्ये ४५ ओळी आहेत. तेव्हा आधी ते तिघे कोण ते ठरवावे. जुळवणी नावावरून करू नये, कारण एकाच वाडीतून येणाऱ्या कामगारांत नाव-आडनाव सारखे असलेले दोघे सहज निघतात. ती खातेक्रमांकावरूनही करू नये, कारण एक्सेलचे `SUMIF` पंधरा अंकांपुढचे अंक वेगळे ओळखत नाही आणि सोळा अंकी दोन खाती एकच समजू शकते. कामगाराचा संकेतांक हाच आधार धरावा आणि तो फाईल तयार करण्याच्या पानावर पहिल्या स्तंभात ठेवावा. पगारपत्रकात संकेतांक A मध्ये आणि निव्वळ वेतन I मध्ये असेल, व `Bank` या पानावर रक्कम D मध्ये असेल, तर सूत्र असे:

```
=I2-SUMIF(Bank!A:A,A2,Bank!D:D)
```

उत्तर शून्य नसलेली प्रत्येक ओळ कारणासह वेगळ्या कागदावर उतरवावी. आपल्या उदाहरणात तीन मोठ्या ओळी निघतात. एका नव्या कामगाराचे खाते उघडलेले नाही, त्याला ९,८४६ रुपये रोख द्यायचे आहेत. दुसऱ्याचा मागील महिन्याचा पगार खातेक्रमांक चुकल्यामुळे परत आला होता, म्हणून पासबुक येईपर्यंत त्याचे ४,८६० रुपये रोखून ठेवले आहेत. या दोन्ही रकमा ७,३५,५७१ मधून वजा केल्या, तर ७,२०,८६५ उरतात आणि बँकेची बेरीज त्याहून जास्त दिसते. अनेकजण इथे गोंधळतात, कारण फाईलमध्ये कोणाला तरी जास्त पैसे गेले असावेत अशी त्यांची समजूत होते.

खरे कारण तिसऱ्या ओळीत असते. या कामगाराची हजेरी चारच दिवसांची, एकूण वेतन ३,००० रुपये. निधी आणि विमा मिळून ३२० रुपये कापले गेले आणि वर गणपतीच्या उचलीचा ४,००० रुपयांचा पूर्ण हप्ताही कापला गेला, त्यामुळे निव्वळ वेतन उणे १,३२० झाले. पगारपत्रकाची बेरीज या उण्या रकमेमुळे तेवढी घटते, परंतु बँकेच्या फाईलमध्ये उणे ओळ जाऊच शकत नाही. ७,२०,८६५ मध्ये १,३२० मिळवले की ७,२२,१८५ होतात.

ही रक्कम जुळवणीच्या कागदावर नुसती दाखवून पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. उणे वेतन हा पगारपत्रकातलाच दोष आहे आणि तो तिथेच दुरुस्त केला पाहिजे. वेतनातून होणारी एकूण कपात सर्वसाधारणपणे वेतनाच्या निम्म्याहून अधिक असू नये, अशी कायद्याची मर्यादा आहे. म्हणजे या कामगाराच्या ३,००० मधून जास्तीत जास्त १,५०० कापता येतील. त्यांतले ३२० निधी-विम्याचे, म्हणून उचलीपोटी १,१८० कापावेत आणि २,८२० रुपये पुढच्या महिन्यावर ढकलावेत. आता उचलीची बेरीज १८,६८०, निव्वळ वेतनाची ७,३८,३९१ आणि या कामगाराच्या हाती १,५०० रुपये. बँकेच्या फाईलमध्ये ४६ ओळी आणि ७,२३,६८३ रुपये होतात. रोख आणि रोखलेली रक्कम वजा जाता अपेक्षित आकडा ७,२३,६८५ आहे.

उरलेले दोन रुपये शेवटच्या ओळीत घालून टाका, असा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये. ते दोन रुपये एखाद्या माणसाच्या पगारातून जातात किंवा त्यात जमा होतात, आणि पुढच्या महिन्यात फरक पुन्हा तसाच उभा राहतो. हा फरक पैशांचा असतो: पगारपत्रकात पैसे स्वरूपणामुळे दिसत नाहीत पण बेरजेत मोजले जातात, तर फाईलमध्ये प्रत्येक ओळ पूर्ण रुपयात जाते. जवळच्या रुपयात पूर्णांकन करताना एका ओळीत पन्नास पैशांहून अधिक फरक पडत नाही, म्हणून ४६ ओळींत तो २३ रुपयांच्या आत असलाच पाहिजे. त्याहून मोठा फरक पूर्णांकनाच्या नावावर खपवू नये. उपाय एकच: पूर्णांकन पगारपत्रकातच करावे आणि त्याला स्वतंत्र स्तंभ द्यावा. एकूण वेतन C मध्ये, कपाती D ते G मध्ये असतील, तर I मध्ये पहिले आणि H मध्ये दुसरे सूत्र घालावे:

```
=ROUND(C2-SUM(D2:G2),0)
=I2-(C2-SUM(D2:G2))
```

पूर्णांकनाच्या स्तंभाची बेरीज उणे दोन येते, निव्वळ वेतन ७,३८,३८९ होते आणि आडवा-उभा ताळाही शाबूत राहतो.

बेरीज जुळली तरी वरचे ओळनिहाय सूत्र पुन्हा एकदा खालपर्यंत पाहावे, कारण दोघांच्या रकमांची अदलाबदल झाली तर बेरीज बदलत नाही. फाईलमधला एखादा संकेतांक पगारपत्रकात नाही, असे होत नाही ना, हेही उलट बाजूने तपासावे. नोकरी सोडून गेलेल्याची जुनी ओळ अशीच सापडते.

फाईल चढवल्यावर बँकेच्या पडद्यावर दिसणारी ओळींची संख्या आणि एकूण रक्कम आपल्या कागदाशी ताडून मगच मंजुरी द्यावी. त्याच बँकेतली खाती आणि इतर बँकांतली खाती यांच्या दोन फाईली असतील, तर दोन्हींची बेरीज एकत्र धरावी. दुसऱ्या दिवशी नाकारलेल्या ओळींच्या रकमा खात्यात परत आल्या का ते पाहावे आणि त्या रोखलेल्या वेतनाच्या यादीत त्या त्या महिन्याच्या नावाने नोंदवाव्यात, कारण त्या पुढच्या फाईलमधून दिल्या की चालू महिन्याच्या पगारपत्रकापेक्षा फाईलची बेरीज तेवढीच जास्त येणार आहे.