अनेक क्लायंटच्या पोस्ट शेड्यूल करताना या चुका टाळा

चार-पाच क्लायंटची पेजेस एकट्याने सांभाळताना सगळ्यात महागात पडते ती एक सवय: पोस्ट आधी शेड्यूल करायची आणि क्लायंटला नंतर दाखवायची. क्लायंटने मेसेज उघडला नाही तरी ठरल्या वेळी पोस्ट जाते, कारण टूलला फक्त वेळ कळते. म्हणून होकार मिळेपर्यंत पोस्ट ड्राफ्टमध्येच ठेवा. मुदतीत उत्तर आलं नाही तर पोस्ट जाणार नाही, हे काम सुरू होतानाच लिहून घ्या. मंजुरी कोण देणार, त्या एका माणसाचं नावही तिथेच ठरवा.

दुसरी चूक म्हणजे व्हॉट्सअॅपवर एकेक इमेज पाठवणं. समजा, एका मिठाईवाल्यांना दिवाळीच्या आठ पोस्ट पाठवल्या आणि खाली उत्तर आलं, "ओके, फक्त भाव बदला." कुठल्या पोस्टमधला? त्यापेक्षा गूगल शीटमध्ये प्रत्येक पोस्टला एक ओळ द्या: क्रमांक, तारीख-वेळ, पूर्ण मजकूर, इमेजची लिंक, स्थिती आणि शेरा. मग शेरा येतो, "क्रमांक ३, चकली ४८० नाही, ५२० रुपये किलो." बदल केलात की त्या ओळीची स्थिती 'मंजूर' वरून पुन्हा 'तपासायचं आहे' करा. दुरुस्तीनंतरची मंजुरी न घेणं ही चूक अनुभवी लोकही करतात. भाव शक्यतो इमेजवर टाकूच नका. इन्स्टाग्रामवर पोस्ट गेल्यानंतर कॅप्शन सुधारता येते, पण फोटो बदलता येत नाही. पोस्ट काढून नव्याने टाकावी लागते आणि आलेल्या कमेंट्स जातात.

आठवडा असा बसवता येतो: मंगळवारपर्यंत लेखन आणि डिझाइन, बुधवारी सकाळी सगळ्यांना शीट, शुक्रवारी दुपारी मुदत, शनिवारी मंजूर ओळी एकत्र शेड्यूल. रोज थोडं थोडं मागत बसलात तर क्लायंट कंटाळतो आणि न वाचताच ओके म्हणतो.

मंजुरी असूनही पोस्ट गेली नाही, तर आधी जोडणी तपासा. क्लायंटने पासवर्ड बदलला की टूलची परवानगी बहुतेक वेळा तुटते आणि अकाउंट पुन्हा जोडावं लागतं. तुम्ही पासवर्ड मागून घेऊ नका. क्लायंटच्या मेटा बिझनेस सूटमधून स्वतःच्या नावाने अॅक्सेस घ्या. इन्स्टाग्राम अकाउंट वैयक्तिक प्रकारचं असेल तर बाहेरची टूल्स पोस्ट आपोआप टाकू शकत नाहीत, फार तर आठवण करून देतात. अकाउंट बिझनेस किंवा क्रिएटर करून घ्या.

पोस्ट गेली पण भलत्याच वेळी, तर टाइम झोन पाहा. दुबईतल्या क्लायंटची रात्री ८ ची पोस्ट म्हणजे आपले साडेनऊ. शीटच्या वेळेच्या रकान्यात शहराचं नावही लिहा.