दम्याची पीक फ्लो डायरी: घरातल्या कापसाच्या गंजीपर्यंत माग कसा काढायचा

खान्देशात थंडी सुरू झाली की दम्याच्या माणसाला घरचे पहिले दोन पदार्थ बंद करतात, केळी आणि दही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातसुद्धा हेच चालतं. पण श्वास कशाने अडतो याचं उत्तर माणसागणिक वेगळं असतं, आणि ते अंदाजाने सापडत नाही. त्यासाठी पीक फ्लो मीटर नावाची प्लॅस्टिकची छोटी नळी आणि एक वही पुरते. मीटर औषधाच्या दुकानात मिळतो. जोरात फुंकल्यावर फुफ्फुसातून हवा जास्तीत जास्त किती वेगाने बाहेर पडते, ते तो मिनिटाला इतके लिटर अशा आकड्यात दाखवतो. श्वासनलिका आकसल्या की आकडा उतरतो, आणि बऱ्याचदा धाप जाणवण्याच्या आधीच उतरतो.

फुंकण्याची पद्धत

उभं राहा. मीटरचा काटा शून्याकडे, म्हणजे सर्वांत खाली आणा. बोटं काट्याच्या वाटेत येऊ देऊ नका. छाती पूर्ण भरेल असा श्वास घ्या, नळीचं तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटा आणि एकदाच, झटक्यात, जमेल तितक्या जोराने फुंका. मेणबत्ती विझवताना मारतो तशी फुंकर हवी. किती वेळ फुंकलं याला इथे महत्त्व नाही, पहिल्या झटक्याचा वेग मोजला जातो. असं तीन वेळा करा आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढायची नाही.

तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असले तर फुंकणं बरोबर झालं. एक 340, दुसरा 260, तिसरा 350 असं आलं, तर दुसऱ्या वेळी ओठांच्या कडेने हवा निसटली किंवा श्वास पुरता भरला नव्हता. याच्या उलट, थुंकल्यासारखा जिभेचा फटका मारला किंवा मध्येच खोकला आला तर आकडा खोटा वाढतो. तो सोडून द्या आणि पुन्हा फुंका. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना हे सहसा जमत नाही, त्यांच्या आकड्यांवर विसंबू नका.

वेळा दोन: सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा इनहेलर घेण्याआधी. मीटर कायम एकच वापरा, कारण दोन मीटरचे आकडे सारखे येतीलच असं नाही.

रंगांच्या रेघा

आधी स्वतःचा सर्वोत्तम आकडा ठरवायचा. दमा आटोक्यात असताना, नेहमीची औषधं नियमित घेत, दोन-तीन आठवडे रोज दोनदा मोजा. त्यात आलेला सर्वांत मोठा आकडा तो तुमचा. शेजारणीचा 450 असेल आणि तुमचा 380, तरी त्याने काही बिघडत नाही. वय, उंची, स्त्री-पुरुष यानुसार तो बदलतोच.

समजा तुमचा सर्वोत्तम आकडा 400 आहे. त्याचे 80 टक्के म्हणजे 320, आणि 50 टक्के म्हणजे 200. आलेखाच्या कागदावर खाली तारखा आणि उभ्या बाजूला आकडे घ्या. 320 वर आणि 200 वर आडव्या रेघा ओढा. 320 आणि त्याच्या वर हिरवा पट्टा, 200 ते 320 पिवळा, 200 च्या खाली लाल. सकाळच्या आकड्याला टिंब, संध्याकाळच्या आकड्याला फुली, आणि दोन्हींच्या वेगळ्या रेषा जोडत जा.

हिरव्यात नेहमीचं औषध चालू ठेवायचं. पिवळ्यात काय घ्यायचं, किती पफ, किती वेळाने, हे डॉक्टरांकडून आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, आणि दोन दिवसांत आकडा हिरव्यात परतला नाही तर त्यांना भेटा. लाल म्हणजे तातडीचं औषध घेऊन तडक दवाखाना. गाडीची सोय नसेल तर 108. माणसाला एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा गुंगी येत असेल, तर मीटर शोधत बसू नका. आकडा नंतर.

वहीचा उरलेला रकाना

आकडे नुसते लिहिले तर दमा कधी बिघडला ते कळतं, कशाने बिघडला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक दिवसापुढे चार गोष्टी लिहा: रात्री खोकल्याने किंवा धापेने जाग आली का, तातडीच्या इनहेलरचे किती पफ लागले, रोजचं औषध घेतलं का, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काय घडलं. रोजच्या औषधाची खूण फार मोलाची आहे. दोन दिवस पफ चुकला आणि आकडा उतरला, तर धुळीला किंवा दह्याला दोष देण्यात अर्थ नाही. सर्दी-पडसं झालं असेल तर तेही लिहा, कारण त्याने दमा आठवडाभरसुद्धा बिघडलेला राहू शकतो.

‘वेगळं काय घडलं’ यात झोपण्याची जागा नक्की लिहा. ही नोंद लोक हमखास गाळतात, आणि पुढच्या उदाहरणात सगळा उलगडा तिथेच आहे.

एक उदाहरण, तारखेवार

चोपड्याकडच्या एका शेतकरी घरातली सून डोळ्यांपुढे आणा. सर्वोत्तम आकडा 400, ऑगस्टमध्ये काढलेला. कापूस वेचून झाला, पण भाव पडलेला, म्हणून पुष्कळ घरांत होतं तसं इथेही तो विकला नाही. झोपायच्या खोलीत छताला टेकेल एवढी गंजी रचली. नोव्हेंबर सरता सरता तिला पहाटे खोकला सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, “थंडी शे बेटा, दही खाऊ नको.” तिने दही सोडलं. पफ रोज घेतला, तशी खूणही केली. डिसेंबरात भावाच्या लग्नासाठी ती माहेरी गेली, मीटर सोबत घेऊन.

| तारीख | सकाळ | संध्याकाळ | नोंद |
|---|---|---|---|
| 9 | 300 | 340 | घरी, रात्री दोनदा जाग |
| 10 | 290 | 350 | घरी, 2 पफ |
| 11 | 290 | 340 | संध्याकाळी माहेरी पोचली |
| 12 | 310 | 350 | माहेरी |
| 13 | 340 | 370 | रात्री शेतात भरीत-भाकरी |
| 14 | 360 | 390 | लग्न, जेवणात दही, केळी |
| 15 | 370 | 390 | रात्री जाग नाही |
| 16 | 370 | 380 | संध्याकाळी सासरी परत |
| 17 | 350 | 360 | घरी |
| 18 | 320 | 350 | घरी, पहाटे खोकला |
| 19 | 300 | 340 | घरी, 2 पफ |

आता हे वाचायचं कसं? आधी नुसता संध्याकाळचा रकाना बघा. सगळे आकडे 320 च्या वर, म्हणजे सगळं हिरवं. तिने फक्त संध्याकाळी मोजलं असतं तर दमा बिघडलाय हे वहीने सांगितलंच नसतं. पिवळे आकडे सकाळचे आहेत.

मग सकाळ-संध्याकाळमधलं अंतर काढा. 10 तारखेला 290 आणि 350, फरक 60, दोन्हींची सरासरी 320. 60 ला 320 ने भागून 100 ने गुणलं की साधारण 19 टक्के. 15 तारखेला फरक 20, सरासरी 380, म्हणजे जेमतेम 5 टक्के. असे रोजचे टक्के काढून एक-दोन आठवड्यांची सरासरी घ्या. मोठ्या माणसात ती 10 टक्क्यांच्या वर राहिली तर दमा आटोक्यात नाही असं समजायचं.

आता कारण. माहेरीही थंडी तेवढीच होती, तरी आकडा चढला, म्हणून एकट्या थंडीवर बोट ठेवता येत नाही. दही-केळी 14 ला खाल्ली आणि 15 ला आकडा आणखी वर गेला. 13 ला कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, त्या धुरानंतरही घसरण नाही. मात्र धुराला इतक्यात सोडू नका. ती जाळाच्या किती जवळ होती हे वहीत नाही, आणि एका रात्रीवरून काही ठरत नाही. औषध दोन्हीकडे सारखं होतं. बदलली ती झोपायची खोली.

घसरणीची चालही पाहा. परतल्यावर आकडा एका रात्रीत कोसळला नाही, तीन दिवस पायरीपायरीने उतरला, आणि माहेरी चढलाही तसाच. म्हणून त्याच दिवसाच्या ओळीत कारण शोधलं की चुकतं. शिवाय त्रास देणाऱ्या गोष्टीशी गाठ पडल्यावर काहींना अर्ध्या तासात धाप लागते, काहींना चार ते आठ तासांनी, काहींना दोन्ही वेळा. सकाळचा आकडा पडला तर आदली संध्याकाळ आणि रात्र आधी तपासा.

संशय पक्का करताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. तिने खाट ओट्याकडच्या दुसऱ्या खोलीत हलवली, मधलं दार बंद ठेवलं, बाकी जेवण, औषध, कामं तशीच. दोन आठवड्यांत सकाळचे आकडे 350 च्या पुढे स्थिरावले. कापसाच्या गंजीत पानांचा चुरा आणि माती असते, ओल राहिली तर बुरशी धरते, आणि त्या धुळीतले जिवाणूंचे अंशही श्वासनलिका सुजवतात. जानेवारीत टेम्पो भरताना ती खोलीत मदतीला होती. त्या संध्याकाळी 280, दुसऱ्या सकाळी 240. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पिवळ्या पट्ट्याचं औषध घेतलं आणि ती त्याच दिवशी दवाखान्यात गेली.

असा अनुभव मुद्दाम घेऊ नका. खात्रीसाठी धुळीत जाऊन बसणं किंवा रोजचा पफ बंद करून बघणं जिवावर बेतू शकतं. त्रासाची गोष्ट दूर केल्यावर आकडा चढतो का, एवढंच तपासा. आणि वर 9 ते 11 तारखेला तीन सकाळी सलग पिवळ्या आहेत. तिने माहेरी निघायच्या आधीच डॉक्टरांना दाखवायला हवं होतं. वही भरतोय म्हणून उपचार थांबवायचे नसतात.

जिनिंगमध्ये किंवा नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर काम करणाऱ्यांना दोन वेळा पुरत नाहीत. जागेपणी साधारण दर दोन तासांनी, निदान दिवसातून चारदा, असं चार आठवडे मोजावं लागतं, आणि सुटीच्या दिवशीही. कामाच्या दिवसांची सुटीच्या दिवसांशी तुलना करता आली तरच त्या वहीचा डॉक्टरांना उपयोग होतो.

गंजी गेल्यावर आणि खोली ओल्या फडक्याने पुसून काढल्यावर फेब्रुवारीत तिचा आकडा 420 पर्यंत गेला. तेव्हा जुन्या रेघा खोडून नव्या ओढायच्या: 336 आणि 210.