उन्हामुळे प्रॅक्टिस रद्द: पालकांना मेसेज टाकताना या चुका टाळा

नागपुरात मे महिन्यात क्रिकेटची बॅच चालवायची म्हणजे एखाद-दोन दिवस तरी प्रॅक्टिस रद्द करावीच लागते. तो निर्णय मला कधी जड गेला नाही. घोळ दर वेळी मेसेजमध्येच झाला.

माझा पहिला मेसेज असा होता: "नमस्कार पालक, वाढत्या उन्हामुळे उद्याची प्रॅक्टिस रद्द. भरपाईचा दिवस लवकरच कळवू." बुधवारी रात्री सव्वाबाराला टाकला. निम्म्या पालकांनी तो गुरुवारी सकाळी चहा घेताना वाचला आणि त्यांच्यासाठी "उद्या" म्हणजे शुक्रवार झाला. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता तीन मुलं किट बॅग घेऊन कुलूप लावलेल्या गेटसमोर उभी होती. त्यातला एक सायकलवर आलेला, बाटलीतलं पाणी वाटेतच संपलेलं. त्या दिवसापासून मेसेजमध्ये "आज" आणि "उद्या" लिहिणं बंद केलं. वार, तारीख आणि बॅच, तिन्ही लिहितो. नुसतं "प्रॅक्टिस रद्द" लिहिलं तर सकाळच्या बॅचचेही फोन सुरू होतात.

पुढे एकदा टाकल्या टाकल्या चूक लक्षात आली, तेव्हा मी तोच मेसेज एडिट केला. व्हॉट्सअ‍ॅपवर पंधरा मिनिटांच्या आत तसं करता येतं, पण एडिट केल्याची नवी सूचना कुणाच्या फोनवर वाजत नाही. ज्यांनी जुना वाचला, ते जुनंच धरून बसतात. चुकलं तर सरळ नवा मेसेज टाका, वर "दुरुस्ती" लिहा आणि तो पिन करा. नाहीतर चाळीस "ओके सर" आणि हात जोडलेल्या इमोजींखाली तो गडप होतो.

कारण लिहितानाही गंमत होते. "आज ४४ डिग्री आहे म्हणून" असं लिहिलं की कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतोच: "सर, माझ्या फोनवर ४१ दाखवतंय." मग तासभर थर्मामीटरवर वाद. आकड्यावर निर्णय टांगू नका. हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर मोजलेला. आपली मुलं उघड्यावर, तापलेल्या सिमेंटच्या पिचवर उभी असतात. म्हणून मी खात्याच्या इशाऱ्याचं नाव घेतो. "नागपूर जिल्ह्याला उष्णतेच्या लाटेचा ऑरेंज अलर्ट आहे" या वाक्यावर कुणी हुज्जत घालत नाही. अलर्ट नसतानाही ग्राउंडवर उभं राहवत नसेल, तर "पिच तापलेलं आहे, मी रद्द करतोय" एवढंच लिहितो.

सगळ्यात मोठी चूक भरपाईच्या सेशनची. शुक्रवार-शनिवारी अर्धा-अर्धा तास वाढवून देऊ, असं मीही एकदा केलं. ज्या उन्हामुळे सुट्टी दिली, त्याच उन्हात मुलांना जास्त वेळ ठेवलं. संध्याकाळी साडेपाचला ऊन तिरपं होतं, पण दिवसभर तापलेली जमीन तेव्हाही वाफ सोडत असते. हवा सगळ्यात गार असते ती सूर्योदयाच्या आसपास. मेमध्ये नागपुरात पावणेसहाच्या आधीच उजाडतं. म्हणून भरपाई सकाळी सहाला आणि नेहमीच्या दोन तासांऐवजी दीड तासच. रनिंग कमी, कॅचिंग आणि थ्रोइंग जास्त. दीड तासच का, हे मेसेजमध्येच सांगा, नाहीतर "अर्धा तास कापला" ही कुरबुर ठरलेली.

"लवकरच कळवू" तर लिहूच नका. पालकांनी महिन्याची फी भरलेली असते. तारीख नसली की त्यांना सेशन बुडाल्यासारखंच वाटतं आणि रविवारी लग्नाला जाणारे आधीच नाराज होतात. तारीख लिहा आणि त्या दिवशी जमत नसेल त्यांना दुसरा पर्यायही तिथेच द्या.

आता मी दुपारी बाराच्या आत हा मेसेज टाकतो:

"गुरुवार, ७ मे, संध्याकाळी ५ ची बॅच रद्द. कारण: उष्णतेच्या लाटेचा ऑरेंज अलर्ट. सकाळची बॅच नेहमीप्रमाणे.
भरपाई: रविवार, १० मे, सकाळी ६ ते ७.३०, आपलंच ग्राउंड. उन्हामुळे वेळ मुद्दाम कमी ठेवली आहे.
रविवारी जमत नसेल तर सोमवारी सकाळच्या बॅचला पाठवा, मला आधी कळवा.
गुरुवारी संध्याकाळी मुलांना गच्चीवर किंवा अंगणात प्रॅक्टिस करू देऊ नका.
वाचल्यावर फक्त 👍 द्या."

गच्चीची ओळ नंतर घातली. सुट्टी दिली तरी एक पठ्ठ्या साडेचारला गच्चीवर भिंतीला बॉल मारत होता. वडिलांनी कौतुकाने मला व्हिडिओ पाठवला, त्यातच कळलं.

दुपारी तीनला मी 👍 मोजतो. ज्यांचा आला नाही त्यांना फोन. बावीस मुलांच्या बॅचमध्ये असे चार-पाच निघतात, बहुतेक आजी-आजोबांकडे राहणारी. त्यांच्या घरी ग्रुप कुणी उघडतच नाही. आणि तरीही पावणेपाचला मी स्वतः गेटवर असतो, पाण्याचा जार घेऊन.